सहीचा स्कॅन ते पारदर्शक चित्र: प्रकल्प नोंदी

3 मार्च

काम असं: प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांची 240 प्रमाणपत्रं संगणकावर तयार करून पाठवायची आहेत आणि प्रत्येकावर मॅडमची सही हवी आहे. मॅडमनी 240 वेळा सही करायची, मग आम्ही 240 पानं स्कॅन करायची, हा मार्ग कोणालाच नको आहे. एकदाच नीट सही घेऊन तिचं पारदर्शक चित्र करायचं ठरलं. प्रमाणपत्राचा कागद पांढरा नाही. पार्श्वभूमी फिकट बदामी आहे, सहीच्या जागेखाली गडद निळी बारीक रेघ आहे, आणि मॅडमच्या सहीची शेपटी नेहमी त्या रेघेच्या खाली उतरते. म्हणजे सहीभोवती पांढरा चौकोन राहिला तर तो लपणार नाही.

हातात आत्ता काय आहे? एका जुन्या पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही चॅटवरून आलेला. 400 टक्के मोठा करून पाहिला. रेषांभोवती राखाडी चौकटींचा धुरळा आहे. जेपेग चित्राचे 8×8 पिक्सेलचे तुकडे करून दाबतं, त्यामुळे शाईच्या कडेला असे डाग उठतात, आणि ते सहीचा भाग आहेत की कागदाचा हे नंतर कोणत्याच उपायाने ठरवता येत नाही. शिवाय सहीवर शिक्क्याची कड आली आहे. यावर दोन तास घालवण्यापेक्षा मॅडमकडून दोन मिनिटं मागून घेणं बरं.

4 मार्च

मॅडमना जाड कोरा कागद दिला आणि पाच सह्या करायला सांगितल्या, प्रत्येकीच्या भोवती भरपूर जागा सोडून. "पाच कशाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, पहिल्या दोन तुम्ही जपून करता. तिसरीपासून तुमची सही येते." हसल्या, पण खरंच तसं झालं. चौथी घेतली.

पेन निळं, साधं बॉलपेन. जेल पेन द्यायला हवं होतं हे नंतर लक्षात आलं. बॉलपेनची रेघ मोठी करून पाहिली की मधोमध फिकट पट्टे दिसतात, कारण गोळी शाई सारखी पसरवत नाही. पण मॅडमचा हात त्याच पेनाला सरावलेला आहे, तेव्हा राहू दिलं.

स्कॅनरच्या सेटिंगवर थोडा वेळ गेला. "मजकूर" या पर्यायात यंत्र प्रत्येक पिक्सेल पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा करून टाकतं. तिथेच कडा करवतीसारख्या होतात आणि पुढचं सगळं काम वाया जातं. रंगीत घेतलं, 600 डीपीआय, पीएनजी. "आपोआप सुधारणा" आणि "धार वाढवा" हे दोन्ही बंद केले. धार वाढवताना यंत्र रेघेच्या बाहेर कागदापेक्षाही पांढरी कडा ओढतं. छापील कागदावर ती छान दिसते, आपल्याला मात्र तीच नडते.

मागची बाजू कोरी आहे म्हणून काही अडलं नाही. मागे छपाई असती तर स्कॅन करताना कागदाच्या पाठीला काळा कार्डशीट लावला असता, म्हणजे मागची अक्षरं पुढे उमटत नाहीत.

सही कागदावर 52 मिमी रुंद आणि 19 मिमी उंच. म्हणजे 600 डीपीआयला साधारण 1228 × 449 पिक्सेल. पुरेसं आहे.

5 मार्च

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच: चित्राच्या प्रोग्रॅममधली जादूची कांडी, म्हणजे एकसारखा रंग एका टिचकीत निवडणारं साधन, घेऊन पांढरा भाग निवडला, डिलीट. पांढऱ्या पानावर ठेवून पाहिलं, झकास. प्रमाणपत्रावर ठेवलं आणि बिंग फुटलं. सहीच्या प्रत्येक वळणाला फिकट निळसर पांढरी झालर आहे, आणि शेपटी जिथे गडद रेघ ओलांडते तिथे ती रेघ दोन्ही बाजूंना किंचित तुटल्यासारखी दिसते. शेपटी मागच्या पानातून कापून वर चिकटवल्यासारखी.

कांडीची सहनशीलता, म्हणजे किती वेगळा रंग तिला चालेल ती मर्यादा, वाढवली तर झालर कमी होते, पण तिच्याबरोबर रेघ बारीक आणि खडबडीत होते. कमी केली तर झालर परत येते. संध्याकाळपर्यंत हाच लपंडाव.

6 मार्च

सकाळी एकाच रेघेच्या कडेवर जाऊन बसलो. एकेका पिक्सेलचा आकडा पाहिला. आधी हे करायला हवं होतं.

स्कॅनमध्ये कागद पांढरा नसतोच. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्यांत 0 ते 255 मधला एकेक आकडा असतो, 0 म्हणजे सर्वांत गडद. लाल वाहिनीत कागदाची किंमत 236 ते 248 मध्ये हलते, सरासरी 242. रेघेच्या मध्यभागी शाई जिथे नीट बसली आहे तिथे 62. आणि या दोघांच्या मध्ये, कडेवर, दोन-तीन पिक्सेल असे आहेत ज्यांची किंमत 200, 152, 100 अशी काहीतरी आहे. हे पिक्सेल ना शाईचे, ना कागदाचे. स्कॅनरच्या एका चौकोनात अर्धी शाई आणि अर्धा कागद आला, म्हणून यंत्राने दोघांची सरासरी लिहिली.

आता कांडीची चूक कळली. ती विचारते, "हा पिक्सेल ठेवू की काढू?" 152 वाला पिक्सेल ठेवला तर त्यात मिसळलेला अर्धा कागदही त्याच्याबरोबर येतो, तीच झालर. काढला तर अर्धी शाई जाते, तोच खडबडीतपणा. खरा प्रश्न वेगळा आहे: या पिक्सेलमध्ये शाई किती?

ते काढणं सोपं आहे:

```
शाईचा वाटा = (कागद − पिक्सेल) / (कागद − शाई)
            = (242 − 152) / (242 − 62) = 90 / 180 = 0.5
```

म्हणजे हा पिक्सेल शाईच्या रंगाचा करायचा आणि त्याची अपारदर्शकता 50 टक्के ठेवायची. कागदाचा रंग त्यात उरत नाही. बदामीवर ठेवला तर अर्धी शाई, अर्धं बदामी. गडद रेघेवर ठेवला तर अर्धी शाई, अर्धी रेघ. म्हणून सहीचं पारदर्शक चित्र करताना पांढरा रंग पुसायचाच नाही. स्कॅनचा उजेड-अंधार उलटा करून त्यालाच पारदर्शकतेचा पडदा बनवायचा आणि त्यामागे एकच सपाट शाई ओतायची.

लाल वाहिनीच का, हे माझ्यासाठी लिहून ठेवतो. निळी शाई लाल प्रकाश गिळते, म्हणून लाल वाहिनीत ती सर्वांत गडद दिसते. आमच्या शाईचे आकडे: लाल 62, हिरवी 84, निळी 158. साध्या राखाडीत बदललं तर सुमारे 85 येतात. निळ्या वाहिनीत तर सही अर्धवट विरलेली दिसते. लाल घेतल्यावर कागद आणि शाई यांच्यात 180 पायऱ्यांचं अंतर मिळतं, राखाडीत 157. शाई काळी असती तर कोणतीही वाहिनी चालली असती.

7 मार्च

हे सगळं इमेजमॅजिक या लिहिलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या चित्राच्या प्रोग्रॅमवर बसवलं. `-level` मध्ये टक्क्यांचे दोन आकडे द्यायचे असतात: पहिल्यापेक्षा गडद ते पूर्ण शाई, दुसऱ्यापेक्षा उजळ ते पूर्ण कागद, मधलं सगळं प्रमाणात. सगळी कला या दोन आकड्यांत आहे, तेव्हा दिवस त्यातच गेला.

आधी उजळ बाजू. कागदाची सरासरी 242 म्हणजे 255 च्या 95 टक्के, म्हणून 95 दिले. चित्र छान दिसलं, पण विश्वास बसेना. एक तपासणी केली, जी आता कायमची ठेवणार आहे: पारदर्शकतेचा पडदा वेगळा काढायचा आणि त्यात शून्याच्या वर जे काही असेल ते सगळं पांढरंफटक करायचं.

```
magick sahi.png -alpha extract -threshold 0 tapas.png
```

पाहतो तर सगळं पान पिठासारखं पांढरं. कागदाचे 242 पेक्षा जरासे गडद कण एक-दोन टक्के अपारदर्शकतेने उरले होते. डोळ्याला दिसत नाहीत, पण बदामीवर सहीभोवती किंचित मळकट चौकोन येतो, आणि छापल्यावर तो जास्तच जाणवतो. 90 टक्के दिल्यावर, म्हणजे 230, पान काळं पडलं आणि फक्त सही व तीन-चार ठिपके उरले.

मग हाव सुटली आणि 80 करून पाहिले. तेव्हा सहीची शेपटी टोकाला तुटली. पेन कागदावरून उचलताना जी केसासारखी रेघ उरते तिची किंमत 205 च्या आसपास आहे, आणि 80 टक्के म्हणजे 204. ती पूर्ण कागद समजली गेली. 90 ला तिची अपारदर्शकता सुमारे 15 टक्के येते, पुसट पण आहे. सही ओळखू येते ती अशा उचलण्यांवरून. 90 वर थांबलो.

गडद बाजूला 24 टक्के दिले, म्हणजे 62 च्या जवळपास. हिशेबाने बरोबर, दिसायला नाही. बॉलपेनच्या फिकट पट्ट्यांत किंमत 90 पर्यंत चढते, तिथे शाई 83 टक्केच भरली आणि खालची निळी रेघ सहीतून आरपार दिसू लागली. मग उलट टोकाला जाऊन 50 दिले. पट्टे भरले, पण कडेचा 152 वाला पिक्सेल, खरी शाई 50 टक्के असताना, 76 टक्क्यांवर गेला आणि प्रत्येक रेघ सगळीकडून फुगली.

उद्या मॅडमना दाखवतो.

8 मार्च

50 टक्क्यांची छापून नेली होती. मॅडमनी चष्मा काढून पाहिली. "ही मी मार्करने केलीय का?"

"जरा जाड झालीय, मॅडम."

"जरा नाही. बँकेत दिली तर परत पाठवतील."

35 टक्के केले. 89 पर्यंतची शाई पूर्ण भरते, म्हणजे पट्टे जवळजवळ सगळे जातात, आणि 152 वाला पिक्सेल 55 वर येतो. हे फुगणं इतकं कमी की मूळ कागद शेजारी ठेवूनही कळलं नाही. मॅडमनी दोन्ही एकावर एक धरून उजेडाकडे नेलं आणि मान डोलावली. सहीची जाडी पारखायला सहीच्या मालकासारखा माणूस नाही. माझ्या डोळ्याला 50 ची "ठसठशीत" वाटली होती.

10 मार्च

ठिपके काढायचं काम राहिलं होतं. काचेवरची धूळ, आणि एक वाकडा केस, शेपटीच्या बाजूला. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सहीला न जोडलेलं आणि 400 पिक्सेलपेक्षा लहान असं प्रत्येक बेट पुसून टाक. केस 350 च्या आसपास भरला, म्हणून 400.

चालवली, सगळं स्वच्छ. मॅडमना पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"अहो, माझा अनुस्वार कुठे गेला?"

मॅडमची सही मराठीत आहे आणि आडनावावर अनुस्वार आहे. 0.8 मिमीचा तो ठिपका 600 डीपीआयला 19 पिक्सेल रुंद होतो, क्षेत्रफळ 280 च्या घरात. शिरोरेघेला टेकलेला नाही, म्हणून स्क्रिप्टच्या लेखी तोही धूळच. गंमत म्हणजे केस त्याच्यापेक्षा मोठा होता, तेव्हा कोणताही आकडा दिला असता तरी केस जाऊन अनुस्वार राहिला नसता. स्क्रिप्ट बाजूला ठेवली, पांढरा ब्रश घेतला, चार डाग हाताने पुसले. दोन मिनिटं लागली.

डाग उरलाय का हे ओळखायची एक फुकटची खूण मिळाली. `-trim` चित्राच्या कडेची एकसारखी पांढरी जागा कापतं. सही 1228 रुंद असताना कापलेलं चित्र 1900 भरलं, तर कुठेतरी कोपऱ्यात एखादा कण अजून बसला आहे.

पुसणं `-level` नंतर आणि `-trim` आधी व्हायला हवं, म्हणून कामाचे तीन टप्पे झाले. पहिला:

```
magick sahi_scan.png -channel R -separate +channel \
  -level 35%,90% sahi_rakhadi.png
```

मग हाताने पुसणं. आणि शेवटचा:

```
magick sahi_rakhadi.png -trim +repage \
  -bordercolor white -border 30 -negate sahi_padda.png
magick sahi_padda.png -background "#24397F" -alpha shape \
  -units PixelsPerInch -density 600 sahi.png
```

`-alpha shape` पडद्याला पारदर्शकता करतं आणि सगळ्या पिक्सेलना, अगदी पूर्ण पारदर्शक असलेल्यांनासुद्धा, `-background` चा रंग देतं. न दिसणाऱ्या पिक्सेलचा रंग कशाला हवा? तर चित्र लहान करताना काही प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढताना पारदर्शकता विचारात घेत नाहीत. तिथे पांढरा दडलेला असेल तर घालवलेली झालर मागच्या दाराने परत येते.

रंगाचं म्हणाल तर मोजलेली शाई `#3E549E` होती. तीच दिली तर सही फिकी वाटते, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर जाळीदार राखाडी छापते. थोडी गडद केली. सगळीकडे एकच सपाट रंग दिल्यावर बॉलपेनची मूळ छटा जाते हे खरं. ती मला हवीही नव्हती.

11 मार्च

घनता लिहिली नव्हती तेव्हाची गंमत नोंदवून ठेवतो. फाइलमध्ये 600 हा आकडा नसला तर दस्तऐवजाचा प्रोग्रॅम 96 धरू शकतो, आणि 1288 पिक्सेलची सही 34 सेंटिमीटर रुंद होऊन पानाबाहेर जाते. मग माणूस माऊसने ओढून अंदाजे लहान करतो, आणि दर प्रमाणपत्रावर सही वेगळ्या मापाची होते. आता घातली की कडेच्या मोकळ्या जागेसकट साडेचोपन्न मिमी येते.

डिझाइनवाल्या सहकाऱ्याला फाइल चॅटवरून पाठवली आणि त्याच्याकडे ती पांढऱ्या चौकोनासकट उघडली. चॅटने फोटो समजून तिचं जेपेग केलं होतं, आणि जेपेगमध्ये पारदर्शकता ठेवायला जागाच नसते. "फोटो" म्हणून न पाठवता "दस्तऐवज" म्हणून पाठवली, जशीच्या तशी गेली.

12 मार्च

पीडीएफ तयार. बदामीवर झालर नाही, निळी रेघ शेपटीच्या खालून अखंड जाते. 800 टक्के मोठं केलं तरी कडा मऊ.

रेकॉर्डसाठी एक प्रत पीडीएफ/ए-1 या दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठीच्या पीडीएफ प्रकारात हवी होती, ती मात्र बिघडली. 2005 च्या त्या पहिल्या मानकात पारदर्शकतेला परवानगीच नाही, म्हणून बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सही आणि तिच्या खालचा तुकडा एकत्र वितळवून एक अपारदर्शक चित्र केलं. जवळून पाहिलं की त्या चौकोनातली रेघ बाकी रेघेपेक्षा जाड दिसते. 2011 च्या पीडीएफ/ए-2 मध्ये पारदर्शकता चालते. विचारलं, तेही चालतं म्हणाले. ते वापरलं.

13 मार्च

पाठवायच्या आधी एक शंका होती: पीडीएफमधून कोणाला सही वेगळी काढता येईल का? ती मॅडमसमोरच तपासली.

```
pdfimages -list praman.pdf
pdfimages -png praman.pdf tukda
```

यादीत दोन ओळी आल्या, एक `image` आणि तिला जोडलेली `smask`. दुसऱ्या आज्ञेने दोन्ही वेगळ्या फाइली बाहेर काढल्या: निळा सपाट आयत आणि सहीचा पडदा. पडदा म्हणजे माझी 10 तारखेची `sahi_padda.png`, अनुस्वारासकट, 600 डीपीआयला. दोन्ही पुन्हा जोडल्या की मूळ फाइल तयार. पीडीएफ "सपाट" करायचा पर्यायही वापरून पाहिला. त्याने टिपणं पानात मुरतात, चित्र आत तसंच राहतं.

मॅडम थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे 240 जणांना मी माझी सही वाटतेय."

"वापरायला तयार अशी, हो."

"मग नको."

उपाय म्हणून प्रत्येक पानाचं 200 डीपीआयला एकच चित्र केलं आणि त्या चित्राचं पीडीएफ केलं. आता आत वेगळा पडदा नाही. सही हवी असेल त्याला ती बदामी रंगातून आणि निळ्या रेघेतून सोडवावी लागेल. अशक्य नाही; मी स्वतः आठवडाभर तेच केलं. पण एका आज्ञेत होत नाही. नुकसान असं की नावाचा मजकूर आता निवडता किंवा शोधता येत नाही, आणि फाइलचा आकार वाढला. मॅडमना ते मान्य आहे. कोणी प्रमाणपत्र खरं की खोटं विचारलं तर सहीकडे बघून सांगायचं नाही, क्रमांक नोंदवहीत बघायचा, हेही त्यांनीच ठरवलं. पानावरचं सहीचं चित्र हे चित्रच. कागदपत्रात नंतर कोणी काही बदललं का हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी प्रमाणपत्राधारित डिजिटल सही लागते, आणि ते काम वेगळं आहे.

14 मार्च

240 गेली. `sahi.png`, पडदा, राखाडी आणि मूळ स्कॅन मॅडमच्या पेन ड्राइव्हवर दिले आणि माझ्याकडचे पुसले, चॅटमधली प्रतसुद्धा. सहकाऱ्याच्या डाउनलोडमध्ये एक राहिली होती, ती दुपारी आठवली. उरलेल्या चार सह्यांचा कागद मॅडमनी फाडून टाकला.

माझ्याकडे आता या आज्ञा आणि दोन आकडे आहेत, 35 आणि 90. ते याच कागदाचे आणि याच पेनाचे. दुसरी सही आली की आधी लाल वाहिनीत कागद आणि शाई मोजायची.